तीन नंबरवरची गिरणी

साठी उलटलेला माणूस रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून पोरांच्या गेम पार्लरमध्ये जातो म्हटल्यावर लोक हसणारच. माधवनगरात चिंतामणरावांना तोंडावर कुणी हसलं नाही एवढंच, कारण हा माणूस गिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम होता आणि निम्म्या गावानं कधी ना कधी त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. घरात मात्र बायकोच्या, गोदावरीबाईंच्या तोंडावर हात कोण ठेवणार? "निघाली स्वारी शाळेला," असं त्या रोज म्हणायच्या आणि रुमाल धुतलेला आहे का ते बघून द्यायच्या.

पार्लर होतं सांगलीत, विश्रामबागेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाच मशीन. चालवणारा शौनक, चोविसेक वर्षांचा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, बोलायला गोड. साल अठ्ठ्याण्णव. त्या काळी घरी कॉम्प्युटर म्हणजे डॉक्टर-वकिलांचं काम, बाकीच्यांनी तासावर खेळायचं. चिंतामणराव पहिल्यांदा तिथं गेले ते नातवाला हुडकायला. नातू कोपऱ्यात गाड्या पळवत होता आणि शेजारच्या तीन नंबरच्या मशीनवर एक पोरगं गाव वसवत होतं. रस्ते टाकायचे, वीज आणायची, पाणी न्यायचं, घरं आपोआप उभी राहायची. नातवाला कान धरून न्यायला आलेला आजोबा त्या पडद्यापुढं तासभर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी नातवाला न सांगता एकटाच आला.

आता ह्यात गंमत काय, ते सांगायला हवं. माधवनगरची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि आता तिचं पाडकाम निघालं होतं. साचेखात्याचे, म्हणजे मागांच्या शेडचे पत्रे उतरले, बॉयलर भंगारात गेला, चाळीच्या दोन ओळी बुलडोझरनं एका दुपारीत सपाट केल्या. चिंतामणराव ते बघायला गेले नाहीत. त्यांनी तीन नंबरवर बसून गिरणी परत बांधायला घेतली. गेटापासून सुरुवात केली. मग रेल्वेचा फाटा, मग साचेखाता, सुताच्या कांड्या भरायचा कांडीखाता, चाळीच्या सहा ओळी, बाजाराचा रस्ता, विहीर. खेळात नावाच्या पाट्या लावता यायच्या, त्या शौनकनं त्यांना दाखवल्या. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण बॉयलरवर राबलेल्या आकारामच्या नावानं 'आकारामचा बॉयलर' अशी पाटी तिथं उभी राहिली.

ही बातमी जुन्या माणसांत पोचली आणि मग ती चिंतामणरावांना चैन पडू देईनात. कांडीखात्यातल्या बनाबाई वाटेत गाठून म्हणाल्या की गेटाजवळ नळ होता, तो पाहिजे, तिथं बायकांची निम्मी जिंदगी गेली. आटपाडीकडनं मेंढरं सोडून गिरणीत आलेला अर्जुना म्हणाला की तिसऱ्या ओळीमागं मोकळं रान होतं, तिथं घरं बांधू नका, तिथं आमच्या भावकीची बकरी बसायची. चिंतामणरावांनी घरं पाडून रान मोकळं केलं. सात महिने हे चाललं होतं. हा खेळ राहिला नव्हता हो. पाडकामवाल्यांनी ज्या जागी खड्डा केला, ती जागा आता जगात फक्त एका ठिकाणी होती, आणि ते ठिकाण म्हणजे शौनकचं तीन नंबरचं मशीन.

बरोबर घेऊन जायची सोय नव्हती. पार्लरचा नियम होता, गिऱ्हाइकानं फ्लॉपी आणायची नाही. व्हायरस येतो म्हणून शौनकनं मशीनच्या तोंडावर कागद चिकटवले होते. ज्याचा जो खेळ, तो त्या मशीनवरच राहायचा. चिंतामणरावांनी एकदा विचारलं होतं की बाबा, ह्याची एखादी प्रत तुझ्याजवळ ठेव. शौनक म्हणाला, घेतलीय काका, ड्रॉवरमध्ये फ्लॉपी आहे तुमच्या नावाची. विषय संपला. चिंतामणरावांनी ड्रॉवर उघडून बघितला नाही. आपल्या माणसाचा ड्रॉवर कोण उघडतं?

आणि शौनक खरंच आपला झाला होता. गिऱ्हाईक नसलं की दोघं चहा घ्यायचे. शौनक त्यांना मशीनच्या पोटातलं समजावून सांगायचा आणि चिंतामणराव ते गिरणीच्या भाषेत लावून घ्यायचे. रॅम म्हणजे काय, तर मागाजवळची कांड्यांची टोपली. हात लांब केला की कांडी हातात. हार्ड डिस्क म्हणजे मैदानापलीकडचं गोडाऊन. माल रग्गड, पण आणायला माणूस धाडावा लागतो. शौनक हसायचा, म्हणायचा, काका, तुम्ही शिकवायला पाहिजे. म्हातारा खुलायचा. पोटच्या पोरानं कधी इतकं बसून ऐकलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता शौनकचा मामेभाऊ साताऱ्याहून एक नवीन खेळ घेऊन आला. बंदूक घेऊन भुयारातून पळायचं, चारी बाजूंनी खरंखुरं दिसायचं. कॉलेजची पोरं नुसती वेडी झाली. पण खोक्यावर लिहिलं होतं, रॅम बत्तीस एमबी पाहिजे, आणि शौनकच्या पाचही मशीनमध्ये होती सोळा. खेळ सुरू व्हायचा, पहिलं भुयार कसंबसं जायचं, दुसऱ्याच्या दारात मशीन घुटमळायचं, हार्ड डिस्कचा दिवा लाल होऊन बसायचा आणि थोड्या वेळानं मेमरी पुरत नाही अशी पाटी येऊन खेळ आपटायचा. पोरं शिव्या देत उतरायची. कॉलेज कॉर्नरला दुसरं पार्लर निघालं होतं, तिकडं जायची. शौनकचं तोंड सुकलं. रॅम घ्यायची ऐपत इतक्यात नाही म्हणाला.

चिंतामणरावांना ते बघवेना. ते आपली गिरणी सोडून पोरांच्या पाठीमागं उभे राहून दिव्याकडं बघत बसायचे. माग का थांबतो, हे शोधण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला असली गोष्ट गप्प बसू देत नाही. त्यांनी विचारलं, की टोपली सोळाचीच आहे, मग बत्तीसचा खेळ सुरू तरी कसा होतो?

शौनकनं सांगितलं. विंडोज काय करतं, तर टोपलीत मावत नाही तो माल गोडाऊनच्या एका कोपऱ्यात ठेवतं. लागेल तसा इकडचा तिकडं, तिकडचा इकडं. त्या कोपऱ्याला म्हणायचं स्वॅप फाइल आणि ह्या सगळ्या व्यवस्थेला व्हर्च्युअल मेमरी. खेळाला वाटतं मेमरी भरपूर आहे. असते ती डिस्कवर.

"कोपरा केवढा?" चिंतामणरावांनी विचारलं.

तो विंडोज ठरवतं म्हणाला शौनक. लागला तर वाढवतं, नको झाला तर आवरतं.

"आणि गोडाऊनच भरलं असलं तर?"

शौनक खुर्ची ओढून बसला. मग त्यानं एकेका मशीनची डिस्क उघडून बघितली. डिस्क खेळांनी गच्च भरल्या होत्या, जेमतेम चाळीस एमबी मोकळी. कोपरा वाढायला जागाच नव्हती, म्हणून खेळ आपटत होता. चिंतामणराव म्हणाले, अरे मग ऐन कामात कोपरा वाढवत बसायचंच कशाला? आधीच माप ठरवून आखून टाक, कमीत कमी आणि जास्तीत जास्त एकच आकडा. जागा मोकळी कर, उरलेला माल एका बाजूला नीट लावून घे म्हणजे कोपरा सलग मिळेल, मग आख. शौनकनं कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम उघडलं, परफॉर्मन्समध्ये जाऊन व्हर्च्युअल मेमरीचं बटण दाबलं आणि विंडोजवर सोडलेली खूण काढून स्वतःचे आकडे घालायची खूण केली. आधी एक नंबरच्या मशीनवर जुने दोन खेळ पुसले, डीफ्रॅग लावून उरलेला माल एका बाजूला घेतला, मग दोन्ही खणांत एकशेवीस टाकून मशीन बंद करून चालू केलं.

खेळ दुसऱ्या भुयारातनं पार झाला. तिसऱ्यातनंही. नवी जागा आली की अडखळायचा, दिवा पेटायचा, पोरगं "च्यायला" म्हणायचं, पण आपटत नव्हता. चिंतामणरावांनी तेव्हाच सांगून ठेवलं की हे औषध नव्हे, काठी आहे. लंगडा काठीवर चालतो, पळत नाही. गोडाऊनला हेलपाटे घालून टोपलीची सर येत नाही, खरी रॅम घालावीच लागेल. शौनकला तेवढ्यानंही आभाळ ठेंगणं झालं. त्यानं चक्क वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

हळूहळू दोन, चार, पाच नंबरवर तेच केलं. राहिलं तीन. तीनची डिस्क सगळ्यांत लहान. शौनकनं मान खाजवत तिकडं बघितलं आणि चिंतामणरावांनी पटकन तीनपुढची खुर्ची धरली.

ते बघून शौनक स्वतःच म्हणाला, "काका, तीन नंबरला मी हात लावणार नाही. तुमचं गाव आहे ते. शब्द दिला."

त्या भरवशावर चिंतामणरावांनी आमंत्रणं केली. येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी यायचं, गिरणी पुरी झाली. मधले तीन-चार दिवस मुलीकडं साताऱ्याला जाऊन यायचं होतं. ओवीच्या सासरी सत्यनारायण होता. तिथंही म्हाताऱ्यानं जावयाला पकडून स्वॅप फाइल समजावली. जावई बिचारा ऐकत राहिला. ओवी हसत म्हणाली, बाबा, गिरणी सुटल्यावर तुम्हाला पहिल्यांदा असं बघतेय. ते खरंच होतं. गिरणी बंद झाल्यावर हा माणूस वर्षानुवर्षं दारातल्या खुर्चीत बसून रस्त्याकडं बघत असे.

रविवारी ते पार्लर उघडायच्या आधीच जिन्यात उभे होते. शौनक आला तो नजर चुकवतच. कुलूप काढलं, म्हणाला, काका आज गर्दी फार असणार आहे, तुमच्या लोकांना पुढच्या रविवारी बोलावलं तर? चिंतामणराव म्हणाले, अरे माणसं निघाली असतील, तू पंखा लाव. आणि तीन नंबरचं बटण दाबून खुर्ची ओढून बसले.

मशीन चालू झालं. पडद्यावर डाव्या बाजूला गावाचं चित्र असायचं, ते नव्हतं. तिथं बंदूक होती. त्यांना वाटलं, चित्र हललं असेल. त्यांनी सी ड्राइव्ह उघडला. शौनकनंच शिकवलं होतं कुठं काय असतं ते. खेळाचा फोल्डर नव्हता. रिसायकल बिन बघितलं, तेही रिकामं. एकेक फोल्डर उघडत गेले, जसं काही गिरणी चुकून दुसऱ्या कपाटात ठेवली असेल.  मग एकदम काहीतरी सुचून ते कंट्रोल पॅनेलमध्ये गेले, सिस्टिम, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी.

कमीत कमी एकशेवीस. जास्तीत जास्त एकशेवीस.

त्यांचाच आकडा. त्यांनीच दाखवलेली रीत. आधी जागा मोकळी कर, मग आख. पोरानं एक शब्द न चुकता धडा गिरवला होता आणि जागा मोकळी केली होती ती ह्यांचीच.  चिंतामणरावांना राग नंतर आला. आधी लाज वाटली, की आपण ह्याला हे शिकवत असताना किती आनंदात होतो.

"शौनक, फ्लॉपी दे," ते म्हणाले.

शौनकनं ड्रॉवर उघडला, आत हात फिरवला, बिलांची पुस्तकं वर-खाली केली. चिंतामणराव बघत होते. त्याच्या हात फिरवण्यावरूनच कळत होतं की तिथं फ्लॉपी नाही, आणि कधी नव्हतीच. शेवटी शौनक म्हणाला, घ्यायची राहिली काका. शनिवारी कॉलेजची बारा-पंधरा पोरं एकदम आली, चार मशीन पुरेनात, जागा करावीच लागली. घाई झाली.

चिंतामणराव परत पडद्याकडं वळले. सी ड्राइव्हमध्ये 'साँग्स' नावाचा एक फोल्डर होता. तीन नंबरला स्पीकर होते म्हणून शौनक आपली हिंदी गाणी तिथं साठवायचा. त्यांनी त्याच्यावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज काढल्या. दीडशे एमबीच्या वर. गाण्यांना धक्का लागला नव्हता. ही गाणी शौनककडं सीडीवरही होती, ती सीडी आत्ता काउंटरवर पडलेली दिसत होती.

"ही का नाही काढलीस?"

 शौनकनं खांदे उडवले आणि हसून, नेहमीच्याच त्या गोड आवाजात म्हणाला, "काका, मनाला काय लावून घेता? परत बांधा की. तुम्हाला काय, वेळच वेळ आहे."

हे ऐकून चिंतामणराव उठले. इतके दिवस चहा पिताना, पाया पडताना, 'तुम्ही शिकवायला पाहिजे' म्हणताना ह्या पोराच्या मनात आपण कोण होतो, ते त्यांना एका वाक्यात कळलं. रिकामटेकडा म्हातारा. तासाचं भाडं देतो, वर फुकट डोकं चालवतो, आणि दोन गोड शब्दांवर भागतं. अशा माणसाचं गाव म्हणजे डिस्कवरची अडगळ. गिरणीत त्यांनी कामचुकार बघितले, चोर बघितले, मालकाचे कान भरणारे बघितले. त्यांचा राग येऊन जायचा. हा आता जायचा नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आकाराम आला, अर्जुना आला फेटा बांधून, बनाबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर कांडीखात्यातल्या आणखी दोघी, लुगडी नेसून, लग्नाला आल्यासारख्या. बनाबाईंच्या हातात पिशवीत लाडू होते. अर्जुना दारातच चपला काढून आत आला. पंखा, खुर्च्या, पाच पडदे, सगळीकडं बघत त्यानं विचारलं, "आवं जॉबर, कुठल्या पेटीत हाय आपली गिरण?"

शौनक लगबगीनं पुढं झाला. या या बसा म्हणाला, आणि तीन नंबरवर बंदुकीचा खेळ सुरू करून दिला. बघा, नवीन आलाय, एकदम खऱ्यासारखं दिसतं. पडद्यावर भुयार आलं. माणसं वाकून बघायला लागली. बनाबाई डोळे बारीक करून नळ शोधत होत्या. आकाराम म्हणाला, हे गोडाऊनच्या मागचं गटार काय हो? तेवढ्यात भुयाराचं दार उघडलं, नवी जागा आली आणि चित्र जागच्या जागी थिजलं. डिस्कचा दिवा लाल झाला. आत खरखर सुरू झाली. सोळाची टोपली रिकामी करून गोडाऊनमधून भरायचं काम चाललं होतं, ज्या गोडाऊनमधून त्यांचा नळ, त्यांचा बॉयलर आणि अर्जुनाचं रान बाहेर फेकलं गेलं होतं. एवढं करूनही खेळ अडखळतच होता.

शौनक हसत म्हणाला, येईल, येईल, दोन मिनिटं. मग सगळ्यांना उद्देशून, अगदी अभिमानानं म्हणाला की आमची पाचही मशीन काकांच्याच आयडियावर चालतात बरं का.

बनाबाईंनी कौतुकानं चिंतामणरावांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा बघून त्या सरळ उभ्या राहिल्या. चिंतामणरावांनी झाकूनपाकून काही सांगितलं नाही. म्हणाले, गिरणी पुसली. ह्यानं पुसली, शनिवारी, मी साताऱ्याला असताना. परत येणार नाही. तुम्हाला एवढ्या लांब उगीच आणलं, मला माफ करा.

 बनाबाईंनी पिशवीचं तोंड मिटलं. आकाराम खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या थिजलेल्या पडद्याकडं बघत राहिला. शौनक काहीतरी सांगायला लागला, की एका दिवसात थोडंफार तरी उभं करून देतो, की काका उगीच मोठं करतायत, साधा गेम होता.

अर्जुनानं त्याला हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "न्हाई रं गड्या. गिरणीच्या मालकानं बी आमाला रस्त्यावर आणलं. पर त्यानं आधी गेटावर नोटीस लावली हुती."

मग तो दारात जाऊन चपला घालायला बसला. त्याच्यामागून बाकीचे निघाले. चिंतामणरावांनी त्या दिवशीचं तासाचं भाडं काउंटरवर ठेवलं आणि सगळ्यांच्या शेवटी जिना उतरले. वर तीन नंबरचं चित्र हललं असावं, कारण गोळ्यांचे आवाज खालपर्यंत आले.